तलावात जहर कोणी टाकलं? हिरव्या पाण्यातल्या एका रात्रीचा हिशेब

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात नागपूर जिल्ह्यातल्या मौदा भागातल्या एका गावातून फोन आला. मच्छीमार सोसायटीचे काका बोलत होते. "भाऊ, सकायी आलो तं पुरा तलाव पांढरा. कोणतरी जहर टाकलं जी." मासा उलटा होऊन तरंगला की पांढरं पोट वर येतं, म्हणून तलाव पांढरा. रोहू, कतला, मृगळ असा सगळा माल गेला होता. संशय कोणावर हेही ठरलं होतं: तलावाच्या वरच्या अंगाला धानाच्या बांध्या असलेला एक शेतकरी. त्याचं आणि सोसायटीचं पाण्यावरून आधीच वाजलेलं होतं.

मी पाण्याचे नमुने तपासायचं काम करतो. पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. पाणी मुगाच्या वरणासारखं घट्ट हिरवं झालेलं. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसेनात. प्राणवायूचं मोजमाप घेतलं, तर ते अगदी छान आलं. काका म्हणाले, "पाहा, पाण्यात हवा आहे, म्हणजे जहरच." हा निष्कर्ष तर्काला धरून वाटतो, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात याच तर्कावर भांडणं होतात. तो चुकतो कुठे, हे कळायला त्या तलावात रात्रभर काय घडलं ते पाहावं लागतं.

मासा कोणता प्राणवायू घेतो

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन माशाच्या उपयोगाचा नाही. त्याला लागतो तो पाण्यात मिसळलेला, म्हणजे विरघळलेला प्राणवायू. सोड्याच्या बाटलीत जसा वायू मुरलेला असतो, तसा. हा साठा फार तुटपुंजा असतो. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो, पण ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. पाणी जितकं गरम, तितका तो कमी मावतो. आणि गरम पाण्यात माशाची आणि जिवाणूंची भूक मात्र वाढलेली असते.

रोहू-कतल्याला लिटरमागे पाच मिलिग्रॅम मिळाले की ते मजेत असतात. तीनच्या खाली गेलं की कासावीस होतात, खाणं टाकतात. एकच्या खाली काही तास राहिलं की मरतात.

शेवाळ प्राणवायू देतं, मग जास्त शेवाळ म्हणजे जास्त प्राणवायू नाही का?

दिवसा हे खरं आहे. तलाव हिरवा दिसतो तो पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म शेवाळामुळे. ऊन असेपर्यंत ते प्राणवायू सोडतं. दुपारी अशा तलावाच्या वरच्या थरात पंधरा-सोळा मिलिग्रॅमही आढळतो, म्हणजे मावायला हवा त्याच्या दुप्पट. मी साडेअकराला मोजलं तेव्हा तिथे हाच कारखाना जोरात चालू होता.

पण शेवाळ हाही जीव आहे, आणि त्याला चोवीस तास श्वास घ्यावा लागतो. सूर्य मावळला की देणं बंद होतं आणि घेणं सुरूच राहतं. घरच्या सोलर पॅनेल आणि बॅटरीचं उदाहरण घ्या. दिवसा पॅनेल बॅटरी भरतं, रात्री पंखे आणि फ्रिज ती उपसतात. तलावातली गंमत अशी की इथे पॅनेल आणि पंखे एकच आहेत. पॅनेल दुप्पट केलं की रात्रीचे पंखेही आपोआप दुप्पट होतात. बॅटरी मात्र तेवढीच राहते, कारण पाण्यात मावेल तेवढंच मावतं. वरचं बुडबुड्यांनी हवेत निघून जातं.

एका रात्रीचा हिशेब

त्या तलावासारखाच, समजायला सोपा असा एक एकराचा आणि दीड मीटर खोल तलाव घेऊ. घट्ट हिरव्या पाण्यात शेवाळ आणि त्याच्या सोबतचे सूक्ष्मजीव मिळून दर तासाला लिटरमागे साधारण ०.४५ मिलिग्रॅम प्राणवायू ओढतात. तळाचा गाळ ०.०६ घेतो. आणि मासे? तलावात टनभर मासा असला तरी त्याचा वाटा ०.०४ च्या आसपास. ज्याच्यासाठी आपण तलाव राखतो, तो पंगतीत सगळ्यात कमी जेवतो. म्हणूनच "मासे जास्त झाले म्हणून दम कोंडला" हे हिरव्या तलावाच्या बाबतीत बहुतेकदा खरं नसतं. एकूण खर्च तासाला ०.५५. ऑगस्टअखेरीस आपल्याकडे अंधाराचे अकरा तास धरले तर रात्रभरात सहा मिलिग्रॅम जातात.

आता संध्याकाळी शिल्लक किती होती? इथे भले भले फसतात. हिरव्या पाण्यात ऊन वरच्या हात-दीड हातातच अडतं, त्यामुळे प्राणवायू तयार होतो तो वरच. समजा संध्याकाळी सहाला वरच्या अर्ध्या मीटरमध्ये १६, मधल्यात ८ आणि तळाच्या अर्ध्या मीटरमध्ये २ आहे. काठावरून बाटली भरणाऱ्याला १६ दिसतो आणि तो निर्धास्त घरी जातो. रात्री वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि तिन्ही थर एकमेकांत मिसळतात. सरासरी निघते पावणेनऊच्या जरा खाली. त्यातून सहा गेले, म्हणजे पहाटे सुमारे अडीच. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं वर काढतात, पण बहुतेक जगतात. कडक उन्हाच्या दिवसानंतर असं निभावतं.

आता दोन दिवस आभाळ भरलेलं धरा. ऊन मंद, त्यामुळे संध्याकाळी वर ८, मध्ये ४, तळाशी १. सरासरी ४.३. खर्च तोच, तासाला ०.५५. सहापासून मोजा: रात्री दोनच्या आसपास खातं रिकामं होतं, आणि सूर्य उगवायला अजून चार तास आहेत. हवेतून थोडा प्राणवायू पाण्यात उतरतो, पण वारा पडलेल्या रात्री तो किरकोळच. शेवटी शेवटी प्राणवायू कमी पडला की सगळ्यांचाच श्वास मंदावतो, म्हणून हा हिशेब तंतोतंत घड्याळाप्रमाणे चालत नाही. तरी मासा जातो तो तीन-चारला, आणि माणसाला दिसतो सहाला. काकांच्या गावात त्या आधीचे तीन दिवस झड लागली होती. संध्याकाळी मासे नीट खेळत होते, हे त्यांनी शपथेवर सांगितलं, आणि ते खोटं बोलत नव्हते.

मग दुपारचं मोजमाप काहीच सांगत नाही?

मेलेल्या माशांबद्दल जवळजवळ काहीच नाही. दहाला-अकराला येऊन नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेने "प्राणवायू समाधानकारक" लिहायचं आणि त्या कागदावर जहराची खात्री करून घ्यायची, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चीड येते. मोजायचं ते पहाटे, उजाडण्याच्या आधी, आणि वरून नव्हे तर हातभर खालून.

म्हणून मी काकांकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला टॉर्च घेऊन डोंग्यातून मध्यावर गेलो. उपकरण सोबत होतंच, पण काकांना आकडा दाखवण्यापेक्षा मी जुनी पद्धत वापरली. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली, एकही बुडबुडा न राहू देता भरायची. मग त्यात मँगनीज सल्फेटचं द्रावण आणि अल्कलीतलं आयोडाइड टाकायचं, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, चहाच्या चोथ्यासारखा. नसेल तर साका पांढराच राहतो.

आमच्या बाटलीत दुधासारखा पांढरा साका बसला. काका टॉर्च जवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिले. दुपारी एकला त्याच जागेवरचं पाणी घेऊन पुन्हा तेच केलं, तर बाटली गडद तपकिरी.

जहर आणि दम कोंडणं वेगळं कसं ओळखायचं

पहाटेचं मोजमाप हातात नसेल तरी मेलेला माल बरंच सांगतो. प्राणवायू संपतो तेव्हा मोठा मासा आधी जातो, कारण त्याची गरज मोठी आणि कल्ले त्या मानाने तोकडे. तोंड वासलेलं आणि कल्ल्यांची झाकणं फाकलेली असतात. बहुतेक कीटकनाशकांच्या विषात उलट दिसतं: बोटुकली आधी मरते, आणि मरण पहाटेचीच वाट पाहत नाही, दुपारीही येतं. पाण्यातले किडेही सोबत जातात.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे मरळ आणि मागूर. हे दोघे पाण्याबाहेर तोंड काढून सरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. काकांच्या तलावात शेकडो रोहू मेलेले असताना काठाच्या गवतात दोन-तीन मरळ टुकटुक जिवंत होते. जहराने मरळ इतकी निवडून सोडली नसती.

तरी संशय उरतोच असेल, तर मेलेला नव्हे, मरायला टेकलेला मासा बर्फात ठेवावा, स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी भरावं आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावं. शेतातून फवारणीचं औषध वाहून येणं खरोखर घडतं. पहाटेचा प्राणवायू चांगला निघाला तर शोध त्या दिशेने न्यायलाच हवा.

खत इतकं महाग, ते वाहू कोण देतं?

शेवाळ इतकं माजतं ते शेतांतून वाहून आलेल्या खतावर, असं मी म्हटल्यावर वरच्या बांधीवाल्या शेतकऱ्याचा हाच प्रश्न होता, आणि तो रागाने नव्हे, खरंच चक्रावून विचारत होता. "एका एकराला एक चुंगडी टाकली. त्यातलं वाहून कितीक जाईल?"

डीएपीच्या पिशवीवर १८:४६ लिहिलेलं असतं. १८ टक्के नत्र. ४६ हा आकडा मात्र थेट फॉस्फरसचा नाही, त्याच्या ऑक्साइडचा आहे; खरा फॉस्फरस साधारण २० टक्के भरतो. म्हणजे ५० किलोच्या चुंगडीत १० किलो फॉस्फरस. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ अनेकदा या फॉस्फरसच्याच तुटवड्याने अडून राहिलेली असते. स्वयंपाकघरात सगळं आहे पण मीठ नाही, तसं. ते चिमूटभर आलं की पंगत बसते. एक ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे शंभर ग्रॅम सुकं शेवाळ वाढू शकतं, आणि ते पुढे मरून कुजलं की सुमारे १४० ग्रॅम प्राणवायू खातं.

आता तलावाकडे उतार असलेली २० एकर शेती धरा, एकरी एक चुंगडी. एकूण फॉस्फरस २०० किलो. त्यातला फक्त अर्धा किलो तलावात उतरला, म्हणजे चारशे भागांतला एक. शेतकऱ्याच्या पिकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण त्या अर्ध्या किलोवर ५० किलो सुकं शेवाळ उभं राहतं. ओलं मोजलं तर कितीतरी जास्त. ते सगळं कुजायला ७० किलो प्राणवायू लागतो. आणि आपल्या एक एकराच्या तलावात, लिटरला सात मिलिग्रॅमने भरलेला असताना, एकूण प्राणवायू असतो ४२ किलो.

हे सांगितल्यावर तो शेतकरी गप्प झाला नाही, उलट म्हणाला, "मंग माझ्या एकट्याचं कसं?" बरोबर आहे. त्याच्या एकट्याचं नाहीच. चारशे भागांतला एक भाग वीस एकरांतून थोडाथोडा आलेला असतो. त्यात गोठ्याचं पाणी, उकिरडा आणि कपडे-भांडी धुतलेलं पाणी मिसळतं. नागपूर शहरातल्या तलावांत शेत नाही, तिथे हेच काम सांडपाणी आणि निर्माल्य करतात. शेवाळाला नत्र-फॉस्फरस कुठल्या दारातून आलं याच्याशी देणंघेणं नसतं.

मात्र दोन्ही अन्नघटकांची वाट वेगळी असते, आणि उपाय त्यावरच ठरतो. युरियातलं नत्र पाण्यात विरघळून जातं. बांधीत युरिया फेकला आणि संध्याकाळी पाऊस येऊन पाणी बांधावरून सांडलं, की ते थेट खाली. म्हणून युरिया दिल्यावर निदान चार-पाच दिवस बांधीची मोरी बंद ठेवायची, आणि आभाळ गच्च असेल तर हप्ता पुढे ढकलायचा. फॉस्फरस मात्र मातीच्या कणाला चिकटतो आणि गढूळ पाण्यासोबत गाळ म्हणून येतो. डीएपी वर न फेकता पेरणीबरोबर मातीत गाडलं, आणि तलावाकडच्या अंगाला दहा-पंधरा हात गवताची पट्टी राखली, की गाळ बराचसा तिथेच बसतो. ही पट्टी सोसायटीने शेतकऱ्याकडे हक्काने मागण्यासारखी नाही, कारण त्यात त्याची जमीन जाते. काकांच्या गावात शेवटी पट्टी तलावाच्या सरकारी हद्दीतच राखायची ठरली. मला तो तोडगा आवडला.

पण मत्स्यशेतीत तर लोक स्वतःच तलावात खत टाकतात!

टाकतात. शेण, युरिया, सुपर फॉस्फेट मोजून टाकतात, कारण थोडं शेवाळ हे माशांच्या खाद्याचं मूळ आहे. फरक मापाचा आहे. स्टीलच्या ताटलीला काळा-पांढरा रंग द्या, मधोमध दोरी बांधा आणि पाण्यात सोडा. ताटली दीड ते दोन वीत खोलीवर दिसेनाशी झाली, म्हणजे साधारण ३० ते ४० सेंटीमीटरवर, तर पाणी ठीक. वीसच्या आतच नाहीशी झाली तर खत आणि खाद्य दोन्ही बंद करायची वेळ आली. काकांच्या तलावात ती बारावरच गेली. तिथे वरून वाहून येणारं खत सुरू असताना सोसायटीही नेमाने शेण टाकत होती, हे नंतर हळूच कळलं.

शेवाळ मारून टाकलं तर?

या मोहाने निम्मे तलाव बुडतात. मोरचूद टाकलं की शेवाळ मरतं, पाणी दोन दिवसांत हिरव्याचं तपकिरी-करडं होतं आणि घाण वास सुटतो. आधी निदान दिवसा तरी प्राणवायू तयार होत होता, आता तोही नाही. आणि मेलेलं सगळं शेवाळ एकदम कुजायला लागतं. वर काढलेला ७० किलोचा हिशेब तेव्हा काही दिवसांतच वसूल होतो, दिवसाढवळ्या. कधीकधी लांबलेल्या ढगाळीने शेवाळ आपणहून असं कोसळतं. हिरवं पाणी अचानक रंग बदलताना दिसलं तर ती आणीबाणी समजावी.

पाण्यावर पोपटी-निळसर रंगाची, ऑइलपेंट सांडल्यासारखी साय दिसली तर ती वेगळी बाब. ते निळं-हिरवं शेवाळ. त्याच्या काही जाती विष तयार करतात, म्हणून अशा काठावर जनावरांना पाणी पाजू नये.

मासे तोंड वर काढताना दिसले तर त्या रात्री काय करायचं

खाद्य त्याच दुपारी बंद. खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो, आणि न खाल्लेलं कुजून तो खातं. मग पाणी हवेत उडवायचं. पंख्याचा एरेटर असेल तर उत्तम. नसेल तर शेताचा पाच हॉर्सपॉवरचा पंप चालतो. पाणी तलावातूनच उचलायचं आणि तलावातच सोडायचं, पण पाइपच्या तोंडाशी आडवा पत्रा लावून त्याचे तुषार करायचे. उचलायचं ते वरच्या थरातून. फुटव्हॉल्व्ह रिकाम्या डब्याला बांधून तरंगता ठेवायचा. तळाशी टाकला तर प्राणवायू नसलेलं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी ढवळून वर येतं आणि संकट उलट लवकर येतं. विहिरीचं पाणी घालायचं असेल तर तेही उंचावरून पत्र्यावर आपटून घालावं, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू बऱ्याचदा नसतोच.

एका पंपाने एकरभर तलाव भरून निघत नाही. तो फक्त एका कोपऱ्यात जगण्याजोगी जागा करतो आणि मासे तिकडे गोळा होतात. म्हणून पंप एकाच जागी ठेवायचा, फिरवत बसायचं नाही. दिवसा उन्हात चालवला तर वरचा जादा प्राणवायू उडून जातो, डिझेलही जातं. खरी वेळ मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत, आणि दिवसभर ढग असतील तर त्याही आधी, दहापासून.

सप्टेंबरात पुन्हा झड लागली तेव्हा काकांचा रात्री अकराला फोन आला. शेतीची लाइन पहाटेची होती, म्हणून डिझेल पंप आणला होता. पंप कोणाचा, असं मी विचारलं. "त्याचाच, वरच्या बांधीवाल्याचा. भाड्याने." मागे पत्र्यावर पाणी आपटल्याचा आवाज येत होता. पावणेपाचला मी सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांनी बाटली भरली, दोन्ही द्रावणं टाकली आणि मला मोबाइलवर फोटो पाठवला: पंपाजवळची बाटली फिकट तपकिरी, पलीकडच्या काठाची पांढरी.